दहा वर्षांनंतर मॅनेजर व्हावं की टेक्निकल शिडीच चढावी? (उत्तर १५ तारखेपर्यंत द्यायचंय)

मुळाकाठ
पुण्यात एका अमेरिकी कंपनीचं सेंटर, पेमेंट्सचं बॅकएंड, दहा वर्षं पूर्ण, सध्या सिनिअर इंजिनिअर. आमच्या टीमचा मॅनेजर सोडून चाललाय. डायरेक्टरने विचारलंय, टीम घेतेस का? माणसं सहा आणि दोन जागा रिकाम्या. नको असेल तर "दोन वर्षांत स्टाफ इंजिनिअर करू" असं तोंडी सांगितलंय.

माझे प्रश्न तीनच आहेत. पहिलं वर्षभर निम्मा वेळ कोड लिहिता येईल असं ते म्हणतात, हे जमतं का? नाही झेपलं तर परत फिरता येतं का? आणि स्टाफचं तोंडी आश्वासन पोकळ आहे की भरीव, हे कसं ओळखायचं? "तुला आवडतं काय ते बघ" हे घरीदारी सगळ्यांनी सांगून झालंय, कृपया ते सोडून बोला.

पगारदार
यात विचार कसला करताय ताई? मॅनेजर व्हा. पगार जास्त, शिवाय टेक्निकलवाल्याला पंचेचाळिशीनंतर कुणी विचारत नाही. कोड लिहायला दरवर्षी कॉलेजातून स्वस्तात पोरं येतात, माणसं सांभाळणारे कमीच असतात.

लॉगवाचक
पगारदार, हे पंधरा वर्षांपूर्वी बरंचसं खरं होतं, आता अर्धंच आहे. प्रॉडक्ट कंपन्यांत पहिल्या पायरीचा मॅनेजर आणि सिनिअर किंवा स्टाफ इंजिनिअर बहुधा एकाच बँडमध्ये असतात. म्हणजे ही बढती नसून आडवी बदली असते, पगार पहिल्या दिवशी वाढतोच असं नाही. मुळाकाठ, एचआरला सरळ विचारा: "या पदाचा बँड कोणता आणि माझा सध्याचा कोणता?" दोन्ही एकच असतील तर निदान पगाराचा मुद्दा तरी बाजूला पडेल.

सुरक्षिततेचं म्हणाल तर मेटाने २०२३ मध्ये मधले थर कमी करताना बऱ्याच मॅनेजरांना पुन्हा इंजिनिअर म्हणून काम करायला सांगितलं. ॲमेझॉनने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की मॅनेजरांच्या तुलनेत इंजिनिअर आणि तत्सम लोकांचं प्रमाण २०२५ च्या पहिल्या तिमाहीअखेर किमान १५ टक्क्यांनी वाढवायचं. कात्री लागते तेव्हा चार-पाच माणसांचा मॅनेजर आधी दिसतो, कारण ती टीम शेजारच्या मॅनेजरकडे सोपवता येते. तुमची सहा आहेत, आठ झाली तर बरं.

आता निम्म्या वेळाचं. एका साध्या आठवड्याचा हिशोब मांडून बघू, ज्यात काहीही पेटलेलं नाही.

सहा जणांशी अर्ध्या तासाचं वन-ऑन-वन म्हणजे ३ तास. त्याआधी त्या माणसाचं काम बघणं आणि नंतर टिपणं लिहिणं धरून साडेचार. दोन जागा भरायच्या, म्हणजे आठवड्याला तीन मुलाखती, त्यांचे अभिप्राय, रिक्रूटरशी बोलणं: साडेचार. स्टँडअप, प्लॅनिंग, रेट्रो मिळून ३. डायरेक्टरबरोबरच्या बैठका २. हेडक्वार्टरचे संध्याकाळचे कॉल ३. प्रॉडक्टवाले आणि ज्यांच्यावर तुमचं काम अडतं त्या टीम्स, आणखी ३. आणि न ठरवता येणारं: कुणाची रजा, कुणाचा राजीनामा, प्रॉडक्शनचा घोळ, किमान ५. बेरीज २५.

चाळीसमधून २५ गेले, उरले १५. कागदावर हे निम्म्याच्या जवळ दिसतं आणि तिथेच फसगत होते. हे १५ तास सलग मिळत नाहीत, दोन मीटिंगांच्या मधे अर्धा अर्धा तास सांडलेले असतात. पेमेंट्सच्या कोडमध्ये डोकं शिरायलाच तो अर्धा तास जातो.

बेंचवरचा
आमच्याकडे सर्व्हिसेसमध्ये हे सगळं वेगळं असतं बरं का. डिलिव्हरी मॅनेजर म्हणजे मार्जिन, बिलिंग आणि बेंचवर किती लोक बसलेत याचा हिशोब. दुसऱ्या वाटेवरचा आर्किटेक्ट दोन-तीन वर्षांत प्रीसेल्समध्ये ओढला जातो, मग आयुष्यभर प्रपोजलच्या स्लाइड्स. धागाकर्तीला हे लागू नाही, पण हिंजवडीतले निम्मे वाचक याच प्रश्नासाठी धागा उघडतील म्हणून लिहिलं.

सनीवेलकर
माझं मत मॅनेजरच. मी मॅनेजर म्हणून एल-१ए वर आलो, ग्रीन कार्डची रांग खूप लहान पडली. एल-१बी वाले मित्र अजून अडकलेत. इकडे यायचं तर दुसरा विचारच करू नका.

मुळाकाठ
सनीवेलकर, पुणे सोडायचा विचार नाही हो. आईबाबा इथेच आहेत.

लॉगवाचक
तरी इतरांसाठी नोंद. एल-१ए ची कमाल मुदत ७ वर्षं आणि एल-१बी ची ५, हे बरोबर. पण नुसता हुद्दा पुरत नाही. ईबी-१सी मधून ग्रीन कार्डला अर्ज करायचा तर अमेरिकेत येण्याआधीच्या तीन वर्षांत किमान एक वर्ष बाहेरच्या ऑफिसात खरोखर मॅनेजरचं काम केलेलं असावं लागतं. हाताखालचे लोक पदवीधर व्यावसायिक नसतील तर पहिल्या पायरीचा सुपरवायझर त्यात धरत नाहीत. कामाच्या वर्णनात रोजचं कोडिंगच भरलेलं असेल तर अर्ज अडतो. म्हणजे "निम्मा कोड, निम्मी माणसं" हे पद तिथेही आडवंच येतं. भारतीयांसाठी ईबी-१ ला रांग आहेच, फक्त ईबी-२ पेक्षा लहान.

उंबरठा
वाखु साठवली.

फळाखडू
मी स्टाफ पायरीच्या बढतीच्या समितीत बसतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर.

आश्वासन तपासायला डायरेक्टरला चार गोष्टी विचारा. गेल्या दोन वर्षांत *पुण्यातून* स्टाफ किती जण झाले? कंपनीत किती झाले ते विचारू नका, तो आकडा नेहमी चांगलाच असतो. त्यांतले घरचे किती आणि बाहेरून त्याच पायरीवर घेतलेले किती? त्यांनी कोणतं काम दाखवलं, आणि त्यातल्या एकाशी मला अर्धा तास बोलता येईल का? चौथं, येत्या सहा महिन्यांत दोन-तीन टीम्सना जोडणारं कोणतं काम माझ्या नावावर असेल?

पहिल्याचं उत्तर "एकही नाही" आणि चौथ्याचं "बघू" आलं, तर ते आश्वासन धरूच नका. परदेशी कंपनीच्या सेंटरमध्ये ही वाट बहुतेक वेळा एकाच जागी अडते: मोठे डिझाइनचे निर्णय हेडक्वार्टरमध्ये होतात आणि पुण्याला तयार निर्णय अंमलबजावणीला येतो. कॅलिफोर्नियातली सकाळी नऊची डिझाइन मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊला पडते. तिथे तुमचं नाव आमंत्रितांत आहे का, आणि तुमचं म्हणणं ऐकून कधी डिझाइन बदललंय का, हे बघा. नुसती हजेरी असेल तर दोन वर्षांनी समितीपुढे ठेवायला काही नसेल.

स्टाफसाठी नेमकं काय लागतं ते तुमच्याच क्षेत्रात सांगतो. समजा ग्राहकाचे पैसे क्वचित दोनदा कापले जातात. चेकआउट, वॉलेट आणि सबस्क्रिप्शन या तीन सर्व्हिसेस आपापल्या पद्धतीने पुन्हा प्रयत्न करतात. चेकआउटचा टाइमआउट ५ सेकंदांचा आणि बँकेचं उत्तर येतं सातव्या सेकंदाला. चेकआउटला वाटतं व्यवहार फसला, म्हणून तो नव्या व्यवहार क्रमांकाने पुन्हा पाठवतो, आणि बँक दोन्ही पास करते.

चांगली सिनिअर इंजिनिअर आपल्या सर्व्हिसमध्ये हे दुरुस्त करेल आणि ते काम उत्तम असेल. पण समिती ते सिनिअरचंच काम म्हणेल. स्टाफचं काम म्हणजे तिन्हींसाठी एकच नियम लिहिणं: `Idempotency-Key` कुणी तयार करायची, ती किती काळ जपायची, तीच की वेगळ्या रकमेसह आली तर काय उत्तर द्यायचं. मग ज्या टीमला हे काम अजिबात नकोय तिला तयार करायचं, सगळ्यात जुनी सर्व्हिस स्वतः हलवून दाखवायची, आणि दोनदा कापलेल्या व्यवहारांचा आकडा आधी किती नि नंतर किती हे मांडायचं. कोड यात फार नसतो. डिझाइन डॉकच्या चार-पाच आवृत्त्या, दोन नाराज टीम लीड आणि तीन महिन्यांचा पाठपुरावा असतो.

जाता जाता एक: "आधी"चा आकडा काम सुरू करण्यापूर्वीच नोंदवून ठेवा. बहुतेक अर्ज तिथेच लुळे पडतात. काम खरं असतं, पण फरक दाखवायला जुना ग्राफ उरलेला नसतो.

पगारदार
म्हणजे टेक्निकल वाटेवरही माणसंच समजवायची? मग मॅनेजर झालेलं काय वाईट? निदान अधिकार तरी हातात असतो.

फळाखडू
फरक आहे. स्टाफ लोकांना एखाद्या डिझाइनसाठी तयार करतो, त्यांचं रेटिंग त्याच्या हातात नसतं. अधिकार नसल्यामुळे काम हळू होतं हे मान्य. पण रात्री कुणाच्या पगाराचा विचार करत बसावं लागत नाही.

लॉगवाचक
पगाराचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा थांबू. नवीन मॅनेजरला हे काम कुणी आधी दाखवत नाही.

समजा सहा जणांचे वार्षिक पगार ४०, ३२, २८, २४, १८ आणि १८ लाख. एकूण १६० लाख. कंपनीने टीमला ९ टक्के वाढ मंजूर केली, म्हणजे वाटायला १४ लाख ४० हजार. आता १८ लाखांची एक मुलगी आहे, तिचं काम २४ वालीच्या तोडीचं, आणि बाहेर तिला २४ सहज मिळतील. तिला तिथे नेलं तर ६ लाख तिथेच संपले. उरले ८ लाख ४० हजार, बाकी पाच जणांच्या १४२ लाखांवर. सरासरी ६ टक्क्यांच्याही खाली. त्यात ४० लाखांच्या अनुभवी माणसाला तुम्ही जानेवारीत "यंदा चांगलं होईल" म्हणालेला असता.

तिला दिलं नाही तर ती जाते आणि तिच्या जागी येणारा २६ मागतो. दिलं तर एप्रिलमध्ये पाच चेहरे उतरलेले. यात बरोबर उत्तर नाही, फक्त कुठलं उत्तर तुम्हाला त्या पाचांसमोर बसून स्वतःच्या तोंडाने सांगता येईल ते असतं. "एचआरने ठरवलं" म्हणून हात झटकणारा मॅनेजर टीमला दुसऱ्या मिनिटाला कळतो. त्याआधी कॅलिब्रेशनची बैठक असते, तिथे इतर मॅनेजरांपुढे प्रत्येक रेटिंग पुराव्यानिशी धरून ठेवावं लागतं. मागच्या सहा महिन्यांची टिपणं नसतील तर सगळ्यात अबोल माणसाचं रेटिंग खाली घसरतं.

मुळाकाठ
हा हिशोब मला कुणीच सांगितला नव्हता. आणखी एक: मी मध्येच टीम घेतली तर आधीच्या सहा महिन्यांचं मूल्यमापन कसं करू?

लॉगवाचक
जाणाऱ्या मॅनेजरकडून शेवटच्या दिवसाआधी प्रत्येकाची एक पानभर लेखी नोंद घ्या: काय केलं, कुठे अडला, त्याला कोणता शब्द दिलाय. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बढतीचा तोंडी शब्द दिलेला असतो, शब्द देणारा निघून जातो आणि वसुलीला तो माणूस तुमच्या दारात येतो. शिवाय डायरेक्टरला विचारा, टीममधल्या आणखी कुणाला ही खुर्ची हवी होती का. असेल तर ते तुम्हाला पहिल्या आठवड्यात कळायला हवं, तिसऱ्या महिन्यात त्याच्या राजीनाम्यातून नको.

बेंचवरचा
रिकाम्या दोन जागांचं गणित पण धरा. मंजुरीला दोन-तीन आठवडे, मुलाखतींना महिना-दीड महिना, मग उमेदवाराचा ९० दिवसांचा नोटीस पीरिअड. त्या ९० दिवसांत तो तुमचं ऑफर लेटर दाखवून दुसरीकडे जास्त मागतो, आणि रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी फोन उचलत नाही. ऑफर दिलेल्यांशी दर पंधरा दिवसांनी स्वतः बोला, रिक्रूटरवर सोडू नका. तरी पाच महिने टीम सहाचीच समजा. एक जण गेला की ऑन-कॉल पाच जणांवर येतो, म्हणजे दर पाचव्या आठवड्याला रात्रीचा फोन. मग दुसरा जातो.

सह्याद्रीसूत्र
"मॅनेजरने कोड लिहू नये" या सुरात सगळे बोलताय, ते मला पटत नाही. कोड सोडलेला मॅनेजर वर्षभरात अंदाज तपासू शकत नाही. टीम म्हणते तीन आठवडे, तो मान डोलावतो.

फळाखडू
कोड लिहू नये असं नाही, *कुठला* हा प्रश्न आहे. ज्या कामावर रिलीज अडलंय ते मॅनेजरने घेऊ नये, कारण त्याच दिवशी कुणीतरी राजीनामा देतो आणि पीआर चार दिवस तसाच पडून राहतो. दुसरं, ज्युनिअर पोरं मॅनेजरच्या पीआरवर हरकत घेत नाहीत, दोन मिनिटांत मंजूर करतात. पेमेंट्समध्ये हे महागात पडतं. अंतर्गत टूल, डॅशबोर्ड, कुणी हात न लावलेले जुने बग हे घ्यावं. आणि पीआर व डिझाइन डॉक रोज वाचावेत, अंदाज तपासायला तेवढं पुरतं.

सह्याद्रीसूत्र
वाचून कळतं आणि लिहून कळतं यात फरक आहे. मी माझ्या मतावर ठाम.

लॉगवाचक
चालेल, हा वाद आमच्या ऑफिसातही मिटलेला नाही.

परतीबद्दल. त्याच कंपनीत, वर्षा-दीड वर्षाच्या आत, बँड तोच असेल तर परत येणं जमतं. बाहेर जाऊन परतायचं असेल तर कोडिंगची फेरी आणि सिस्टिम डिझाइन दोन्ही द्यावं लागतं. डिझाइन लवकर गंजत नाही, पंचेचाळीस मिनिटांत चालू कोड लिहिण्याचा हात मात्र गंजतो. दोन-तीन वर्षांच्या खंडानंतर त्यावर तीन-चार महिने संध्याकाळी घासावं लागतं, आणि तरी बऱ्याच ठिकाणी एक पायरी खालची ऑफर येते.

म्हणून हो म्हणायचंच असेल तर सहा महिन्यांची मुदत ठरवा, आणि ईमेलवर. त्यात एवढंच हवं: बँड बदलणार नाही. सहा महिन्यांनी मी परतले तर इंजिनिअर म्हणून जागा याच विभागात असेल आणि त्या वर्षीचं मूल्यमापन मॅनेजरच्या निकषांवर होणार नाही. माझं सध्याचं टेक्निकल काम अमुक व्यक्ती घेईल. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात. नाव लिहिलं नाही तर ते काम तुमच्याकडेच राहतं, आणि मग रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडून तुम्ही दोन्ही नोकऱ्या करत बसता.

पाचव्या महिन्यात एक गोष्ट बघा. आठवड्यातल्या कोणत्या गोष्टी तुम्ही पुढे ढकलताय? वन-ऑन-वन सारखी रद्द होत असतील आणि पीआर मात्र वेळेवर जात असतील, तर कॅलेंडर काय सांगतंय ते स्पष्ट आहे. उलटं असेल तर तेही.

पगारदार
बँडचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडे मात्र मॅनेजरचा बोनस वेगळा आहे, त्यामुळे मी अगदीच चूक नाही.

लॉगवाचक
नाही, तुमच्या कंपनीपुरते बरोबर आहात. म्हणूनच एचआरला विचारायचं म्हटलं.

मुळाकाठ
अपडेट देते. एचआर: बँड तोच, बोनसचं प्रमाणही तेच. डायरेक्टर: दोन वर्षांत पुण्यातून दोघे स्टाफ झाले, त्यातला एक बाहेरून आलेला. घरच्या दुसऱ्याशी आज बोलले. त्याचं काम तीन टीम्सचं होतं आणि दर मंगळवारी रात्रीच्या डिझाइन मीटिंगला तो दीड वर्ष बसत होता. मला त्या मीटिंगचं आमंत्रण नाही. मागितलं, तर "पुढच्या तिमाहीत बघू" म्हणाले.

सहा महिन्यांच्या ईमेलचा मसुदा केलाय. बँड आणि परतीची जागा या दोन ओळी त्यांना मान्य आहेत. "सध्याचं काम कोण घेईल" इथे त्यांनी नाव घातलेलं नाही, "टीम मिळून घेईल" असं लिहिलंय.

फळाखडू
टीम मिळून म्हणजे कुणीच नाही. नाव येईपर्यंत हो म्हणू नका. आणि मंगळवारचं आमंत्रण त्याच ईमेलमध्ये मागा, मॅनेजर झालात तरी ते लागेलच.

सह्याद्रीसूत्र
नाव म्हणून त्या १८ लाखवालीचं सुचवा. उदाहरणातली असली तरी प्रत्येक टीममध्ये एक असतेच.

मुळाकाठ
आहे, आणि तिचं अप्रेझल मलाच लिहावं लागणार. उद्या दुपारी तीनला डायरेक्टरबरोबर बसतेय, मसुद्यात दोन्ही ओळी घातल्या आहेत.